पहिल्या ईमेलची पहिली ओळ अभ्यासातून कशी काढावी

"आपल्या नामांकित कंपनीची प्रगती पाहून आनंद झाला." बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीतून नव्या गिऱ्हाइकांना मेल पाठवताना मीही सुरुवातीला हीच ओळ लिहायचो. आता कुणी ती सुचवली की मी ऐकूनही घेत नाही. जीमेलच्या यादीत विषयाशेजारी मेलचे पहिले काही शब्द दिसतात. खरेदी अधिकारी तेवढंच वाचून मेल उघडायचा की नाही ते ठरवतो.

योग्य माणसाचा पत्ता मिळवा, विषयात मालाचं नाव लिहा. एवढं झालं की माहिती शोधायला वीस मिनिटं ठेवा: कंपनीचा कॅटलॉग, नोकरीच्या जाहिराती, शेअर बाजारात नोंद असेल तर वार्षिक अहवाल.

खरी अडचण इथून पुढे आहे. सापडलेली माहिती तशीच उचलून लिहिली तर तो अभ्यास होत नाही. "आपण पंप बनवता हे वाचलं" यात त्यांना नवं काय? त्या माहितीवरून त्यांच्या कामाबद्दल काय कळतं, ते ओळीत यायला हवं.

पुण्याच्या एका पंप कंपनीचं उदाहरण घेऊ. तीन महिन्यांत त्यांनी एकाच जागेसाठी दोनदा जाहिरात दिली: पुरवठादारांकडची कास्टिंग तपासणारा इंजिनिअर हवा. माणूस टिकला नसेल किंवा काम वाढलं असेल. पण कास्टिंग परत जाण्याचं प्रमाण वाढलं असण्याचीही शक्यता आहे. ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या धातूत वायू अडकून राहिलेलं भोक, बऱ्याचदा मशिनिंग झाल्यावरच दिसतं, तोवर मशिनिंगचा खर्च वाया गेलेला असतो. मग ओळ अशी होते:

"कास्टिंग तपासणीच्या जागेसाठी आपली दुसरी जाहिरात पाहिली. पंप केसिंगमधली ब्लोहोल मशिनिंगनंतर सापडतात, अशी अडचण आहे का?"

शेवटचं प्रश्नचिन्ह काढू नका. "तुमच्याकडे रिजेक्शन वाढलंय" असं ठोकून लिहिलं तर समोरच्याला ते लागतं, आणि अंदाज चुकला तर बोलणं तिथंच संपतं. मी एकदा वेबसाइटवरच्या जुन्या बातमीवरून नव्या प्लांटचं अभिनंदन केलं होतं. तो प्लांट बंद झाला होता. तेव्हापासून सहा महिन्यांपेक्षा जुनी माहिती दुसरीकडे पडताळल्याशिवाय मी वापरत नाही. फेसबुकवरचे घरचे फोटो, मुलांचे निकाल यांना तर हातच लावू नका, माणूस बिचकतो.

मेल इंग्रजीत जाणार असला तरी ओळ आधी मराठीत जुळवा, म्हणजे पोकळ शब्द लगेच कानाला खटकतात. मग त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीला ती पाठवता येईल का, ते बघा. येत असेल तर ओळ अजून झालेली नाही.

वीस मिनिटांत काहीच हाती लागलं नाही, तर खोटी ओळख दाखवू नका. "पाच ते चाळीस किलोची ग्रे आयर्न पंप केसिंग बनवतो, ड्रॉइंग पाठवल्यास दर कळवतो," एवढं सरळ लिहा.