पहिल्या कॉलआधीचा मेसेज

फ्रीलान्सिंग नव्यानं सुरू केलं असेल, तर कामाच्या पहिल्या कॉलइतकंच त्याचं बोलावणंही जपून लिहा. मी नांदेडहून छोट्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट करतो. वसमतच्या एका हळद व्यापाऱ्यांना थेट गिऱ्हाइकाला माल विकायचा होता. दोन-तीन दिवस आधी मी त्यांना व्हॉट्सॲपवर लिहिलं:

“राम राम भाऊ. गुरुवारी संध्याकाळी 7 वाजता, मोंढ्यातून घरी आल्यावर गूगल मीटवर बोलू. पाऊण तास लागेल. लिंक खाली दिली आहे. माल पॅक करणारे आणि हिशेब बघणारे, दोघांनाही सोबत बसवा. तोवर एवढ्याचा विचार करून ठेवा: काय काय विकायचं आणि किती वजनाच्या पाकिटात? कुरिअरचा खर्च कुणी भरायचा? आलेली ऑर्डर रोज कोण बघणार? फोटो तयार आहेत की काढायचेत? लिहीत बसू नका, बोलून पाठवलं तरी चालेल.”

उत्तर आलं, “माल एकच, हळद.” कॉलवर वजनांबद्दल खोदून विचारलं, तेव्हा हळकुंड आणि पावडर असे दोन प्रकार निघाले आणि दोन्हींची 100, 250, 500 ग्रॅम आणि 1 किलो अशी चार-चार पाकिटं. म्हणजे एका मालाच्या आठ नोंदी झाल्या. प्रत्येकीचा भाव वेगळा, शिल्लक वेगळी, फोटोही वेगळा. काम कितीचं, हे इथं कळतं. “एक प्रॉडक्ट” धरून आकडा सांगितला असता तर उरलेलं काम फुकटात गेलं असतं.

कुरिअरच्या प्रश्नावर त्यांचा मुलगा आणि हिशेबनीस यांचं एकमत होईना. ते कॉलवरच मिटलं, हे फार बरं झालं. 100 ग्रॅमच्या पाकिटाला कुरिअरचा खर्च मालाच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो, म्हणून वेबसाइटवर किमान ऑर्डर ठेवायचं ठरलं. हा नियम आधी ठरला तर सोपा. पैसे भरायचं पान तयार झाल्यावर बदलायचा म्हटलं की हिशेब आणि चाचणी पुन्हा करावी लागते.

ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर पॅन आणि बँक खात्याची कागदपत्रं लागतात, आणि पेमेंट गेटवेवाले सहसा परताव्याचे नियमही साइटवर मागतात. पाकीटबंद हळदीसाठी अन्न परवान्याचा नंबर हवा. ही कागदं कॉलवरच मागून घ्या, कारण त्यांची मंजुरी आपल्या हातात नसते.

“सगळं तुम्हीच बघा” असं उत्तर आलं तर दर सांगू नका. त्याच प्रश्नाचे दोन पर्याय करून विचारा: किमान ऑर्डर 500 ग्रॅमची ठेवू, की 1 किलोची? पर्याय दिसले की माणूस बोलू लागतो. कॉल संपला की त्याच रात्री ठरलेलं आणि न ठरलेलं वेगवेगळं लिहून पाठवा. त्यावर “बरोबर आहे” असं आलं, की मगच ॲडव्हान्स मागा.