ईमेलला जुना फोन हवा, फोनला बंद ईमेल हवा: कोंडी फोडायची कुठून?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत फोन हरवला, असं धरू. चादरींच्या दुकानाचं सगळं जीमेलवर. पासवर्ड आठवत नाही आणि कोड जातो हरवलेल्या फोनमधल्या नंबरवर. दुसरा पर्याय जुन्या नोकरीतला ईमेल, तो केव्हाच बंद झालाय. नवं सिम मागवायला कंपनीचं ॲप उघडावं, तर तेही त्याच बंद ईमेलवर कोड पाठवतं.

इथे ॲप सोडा. सिम ईमेलवर नाही, तुमच्या ओळखपत्रावर दिलेलं असतं. म्हणून सुरुवात सिमपासून करायची.

आधी दुसऱ्या फोनवरून स्वतःचा नंबर लावून पाहा. नंबर चालू असेल, तर सात रस्ता किंवा नवी पेठ, जिथे कंपनीचं स्वतःचं दुकान असेल तिथे मूळ आधार घेऊन जा आणि त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम मागा. पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रतही जवळ ठेवा, काही ठिकाणी मागतात. सिम वडिलांच्या नावावर असेल तर वडिलांनाच न्यावं लागेल. बरेच जण इथेच हात हलवत परत येतात.

नवं सिम सुरू झाल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक टाळण्यासाठीचा हा नियम आहे, सिम खराब नाही. या काळात पुन्हापुन्हा कोड मागवू नका. कोड येत तर नाहीच, वर गूगल जास्त प्रयत्न झाले म्हणून थांबवून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या संगणकावरून, घरच्या किंवा दुकानातल्या वायफायवर हे उघडा:

```
https://g.co/recover
```

ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा गूगल पुराव्यात धरतं, त्यामुळे सायबर कॅफेतून प्रयत्न केला तर काम अवघड होतं. बंद ईमेलचा पर्याय पुढे आला तर `Try another way` दाबत नंबरच्या पर्यायापर्यंत जा. जुना पासवर्ड विचारला तर आठवेल तो शेवटचा लिहा, रकाना रिकामा सोडू नका.

नंबर बरेच महिने रिचार्जविना पडून बंद झाला असेल, तर तो दुसऱ्या कुणाला दिला गेलेला असू शकतो. मग सिमची वाट संपली. अशा वेळी जुन्या कंपनीत ईमेल सांभाळणाऱ्याला फोन करा. कंपनीचं डोमेन अजून चालू असेल, तर तो तोच पत्ता तासाभरासाठी पुन्हा उघडून देऊ शकतो आणि तेवढ्यात कोड मिळतो. पैसे घेऊन खातं उघडून देतो म्हणणाऱ्याला मात्र काहीही सांगू नका.

आत शिरलात की त्याच बैठकीत बंद ईमेल काढून घरातल्या माणसाचा चालू पत्ता घाला. मग दुहेरी पडताळणी चालू करून दहा बॅकअप कोड छापा आणि कागद आधारच्या फाइलमध्ये ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको.