अंगठी अडकते, चप्पल लहान होते, उंची मात्र तेवढीच: या चुका टाळा

सोलापुरात यंत्रमागावर काम करणारा ४४ वर्षांचा माणूस समजा. तुटलेला धागा गाठताना बोटांना मुंग्या येतात. लग्नातली अंगठी साबण लावूनही निघत नाही. चप्पल आठ नंबरची होती, आता दहाची लागते. घरचे म्हणतात, "अंगावर आलाय जरा."

पहिली चूक इथेच होते. वजन वाढलं की बोटं थोडी जाडावतात, पण पाऊल दोन नंबरांनी वाढत नाही आणि दातांत फटीही पडत नाहीत. ही ॲक्रोमेगलीची, म्हणजे मोठेपणी शरीरात ग्रोथ हॉर्मोन जास्त झाल्याने होणाऱ्या आजाराची लक्षणं असू शकतात. अशा वेळी दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवून चेहरा बघा. रोज बघणाऱ्याला हा बदल दिसत नाही.

दुसरी चूक म्हणजे, "ग्रोथ हॉर्मोन जास्त असतं तर उंची नसती का वाढली?" असं म्हणून विषय संपवणं. उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पातळ थरामुळे, म्हणजे ग्रोथ प्लेटमुळे. तिथल्या पेशी वाढत जातात आणि मागून त्यांचं हाड होतं. वयात येण्याच्या अखेरीस हा थरच हाड होऊन जातो. (मुलग्यांमध्येही हे घडवतं ते इस्ट्रोजेन.) त्यानंतर हॉर्मोन कितीही वाढलं तरी मांडीचं हाड लांबणार कुठून? हेच बालपणी झालं असतं, तर उंची अफाट वाढली असती.

हाडावरचं आवरण मात्र आयुष्यभर जागं असतं. ते बाहेरून नवे थर चढवतं, म्हणून हाड जाड होतं. खालच्या जबड्याच्या कानाजवळच्या सांध्यातली कूर्चाही मोठेपणी वाढू शकते. त्यामुळे जबडा पुढे येतो आणि खालचे दात वरच्यांच्या पुढे जातात. हातापायांत जाड हाडांसोबत त्वचेखाली पाणी धरून ठेवणारी ऊतीही वाढते. तीच मनगटात नस दाबते, धागा गाठताना मुंग्या येतात त्या यामुळे.

तिसरी चूक तपासणीतली. ग्रोथ हॉर्मोन रक्तात झटक्याझटक्याने येतं, त्यामुळे कधीही घेतलेल्या एका नमुन्यावरून काही ठरत नाही. आधी आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनमुळे मुख्यतः यकृतात बनणारं हॉर्मोन, बघतात आणि आकडा वयाच्या मानाने ताडतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर तो फसवा कमी येऊ शकतो, आणि हा आजार स्वतःच साखर वाढवतो! शंका राहिली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पुन्हा रक्त घेतात. निरोगी माणसात ग्रोथ हॉर्मोन साधारण १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली जातं, इथे जात नाही. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या, ग्रोथ हॉर्मोन बनवणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीचा एमआरआय. तिथली गाठ बहुधा कर्करोगाची नसते.

दात सरळ करायची घाई ही चौथी चूक. हॉर्मोन चढंच असेल तर जबडा पुन्हा सरकतो. नाकावाटे गाठ काढल्यावर किंवा इंजेक्शनांनी हॉर्मोन उतरल्यावर बोटांची सूज ओसरते, अंगठी सैलही होते. वाढलेलं हाड मात्र मागे जात नाही. त्यामुळे जबड्याचं ऑपरेशन करायचंच असेल, तर आयजीएफ-१ स्थिरावल्यानंतर.