आधी आवाज, मग फोटो: लग्नाच्या वाढदिवसासाठी निवेदनासह व्हिडिओ कसा करावा

घरातल्या कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली की माळ्यावरचे अल्बम खाली उतरतात. त्यातले शंभरेक फोटो निवडायचे, प्रत्येकाला चार सेकंद द्यायची, खाली एक आवडतं गाणं लावायचं, अशी बहुतेक व्हिडिओंची पद्धत असते. कार्यालयात पहिली दोन मिनिटं सगळे मन लावून बघतात. मग मागच्या रांगांमध्ये बोलणं सुरू होतं, कारण पडद्यावर कोण आहे, कुठे आहे, हे सुनेच्या माहेरच्यांना किंवा नातवंडांना कळत नसतं. निवेदन हवं ते त्यासाठी. पण फोटो लावून झाल्यावर त्यांच्यावर बोलत सुटलात तर ती नुसती नावांची यादी होते. म्हणून आधी आवाज तयार करा, त्याच्यावर फोटो बसवा आणि संगीत सगळ्यांत शेवटी घ्या.

उदाहरण म्हणून माझ्या मामा-मामींचा व्हिडिओ घेते. लग्न 1975 चं. मामाचं बालपण नारायण पेठेत गेलं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, वाड्यात पाणी शिरलं आणि त्याआधीचे फोटो त्यात गेले. पेठांमधल्या अनेक घरांची हीच गोष्ट आहे. त्यामुळे हातात होते ते लग्नातले कृष्णधवल फोटो, ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो, आणि बालपणाच्या जागी काहीच नाही.

आवाज गोळा करणं

स्वतः लिहायला बसण्याआधी ज्यांचा वाढदिवस आहे त्यांच्याशी, नाहीतर त्यांच्या भावंडांशी अल्बम समोर ठेवून बोला आणि ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. सरप्राइज ठेवायचं असलं तरी “मुलांसाठी आठवणी लिहून काढतेय” एवढं कारण पुरतं. “तुमच्या आयुष्याबद्दल सांगा” असं विचारलंत तर दोन वाक्यांत उत्तर संपतं. एका फोटोवर बोट ठेवून “ही स्कूटर कुणाची?” असं विचारलं की माणूस खुलतो.

जागा निवडताना घरातली झोपायची खोली बघा. गादी, पडदे आणि कपड्यांचं उघडं कपाट आवाजाचा घुमारा शोषून घेतात. रिकाम्या हॉलमध्ये केलेलं रेकॉर्डिंग विहिरीतून आल्यासारखं वाटतं आणि तो घुमारा नंतर धड काढता येत नाही. पंखा आणि एसी बंद ठेवा, खिडकी लावा, फोन फ्लाइट मोडवर टाका. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना फुंकर बसते. कुकरची शिट्टी झाली किंवा खालून गाडी गेली तर थांबा आणि ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगा. सगळं झाल्यावर कुणीही न बोलता खोलीची अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करून ठेवा. दोन तुकडे जोडताना मध्ये पोकळी जाणवते, ती या शांततेने भरायची.

आता या बोलण्यातले चांगले तुकडे वेगळे काढा आणि त्यांना जोडणारं निवेदन लिहा. सावकाश वाचलं तर मराठीत मिनिटाला साधारण 100 शब्द होतात. सात मिनिटांच्या व्हिडिओला, मधल्या शांत जागा धरून, सगळं मिळून साडेपाचशे शब्द पुरतात. सातपेक्षा जास्त मिनिटं घेऊ नका. फोटोत जे दिसतंय ते निवेदनात सांगायचं नाही. “इथे मामी लाल साडीत उभी आहे” हे वाक्य वाया जातं. ती साडी कुणी दिली, त्या दिवशी फोटो काढायला कोण आलं होतं, हे सांगा. आणि नावांबरोबर नातं सांगा, म्हणजे “शरूआत्या” ऐवजी “मामाची धाकटी बहीण, शरूआत्या”.

फोटो स्कॅन करणं

घरी स्कॅनर असेल तर छोट्या प्रिंट 600 डीपीआयवर स्कॅन करा. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो त्यामुळे साधारण 2100 बाय 3000 पिक्सेलचा होतो. पडदा 1920 बाय 1080 चा धरला तर चेहऱ्यावर थोडं झूम करायला जागा उरते. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो. फोटो खिडकीशी सपाट ठेवा, पण ऊन थेट पडू देऊ नका. फ्लॅश बंद करा आणि फोन फोटोला समांतर धरा. फोटोची चौकट एका बाजूला निमुळती दिसली तर फोन तिरका आहे असं समजा.

चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोखालून हलक्या हाताने सरकवला तर बरेचसे सुटतात. न सुटल्यास प्लॅस्टिक उचलून पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात सोडवू नका. चित्राचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करायचा. प्रत्येक फोटोची मागची बाजूही मोबाइलवर टिपून ठेवा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलने लिहिलेली तारीख तिथेच सापडते.

जुने रंगीत फोटो लालसर दिसतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. रंगांच्या सेटिंगमध्ये लाल थोडा कमी केला तरी पुष्कळ फरक पडतो. कातडीचा रंग ओळखीचा वाटला की थांबा. कृष्णधवल फोटो रंगीत करण्याच्या मोहात पडू नका. साडीचा रंग चुकीचा लागला तर पहिल्यांदा मामीलाच खटकेल.

आवाजावर फोटो बसवणं

एडिटिंगसाठी शॉटकट किंवा ओपनशॉट हे मोफत प्रोग्रॅम पुरेसे आहेत. मोबाइलवरचं एखादं अ‍ॅपही चालेल, फक्त त्यात आवाजाचे दोन वेगळे ट्रॅक घेता आले पाहिजेत. आधी संपूर्ण निवेदन ट्रॅकवर ओळीने मांडा आणि डोळे मिटून ऐका. फोटोंशिवाय गोष्ट कळत असेल तरच पुढे जा.

आमच्या व्हिडिओत सगळ्यांत अवघड जागा पुराची होती. मामाचं वाक्य रेकॉर्ड झालं होतं: “पाणी चौकात शिरलं तेव्हा आई स्वयंपाकात होती. सगळं गेलं गं, ते घंगाळ तेवढं राहिलं. आज त्यात हिची तुळस आहे.” बोलायला 14 सेकंदं, आणि दाखवायला त्या दिवसाचा एकही फोटो नाही. इंटरनेटवरून पुराचं कुणाचंतरी छायाचित्र उचलण्यापेक्षा घरातली वस्तू दाखवणं मला योग्य वाटतं. म्हणून मामीच्या गॅलरीतल्या घंगाळाचा फोटो सकाळच्या उजेडात, मोबाइल आडवा धरून काढला. व्हिडिओत तो काठापासून सुरू होतो. पहिली पाच सेकंदं पडद्यावर नुसतं चेपलेलं, काळवंडलेलं पितळ दिसतं आणि मामा पाण्याबद्दल बोलत असतो. मग चित्र हळूहळू मागे सरतं आणि “तुळस” हा शब्द येतो तेव्हा पूर्ण घंगाळ, तुळस आणि गॅलरीचा कठडा पडद्यावर आलेला असतो. त्यानंतर तीन सेकंदं काहीच बोलणं नाही, आणि मग लग्नातला पहिला फोटो.

झूम करण्याची पद्धत हीच ठेवा. चित्र एका दिशेने, सावकाश सरकावं आणि सरकण्याला बोलण्यातलं कारण असावं. प्रत्येक फोटो आत-बाहेर हलायला लागला की डोळे थकतात. सात मिनिटांत 45 फोटो धरले तर एकेकाला सरासरी नऊ सेकंदं मिळतात. ही सरासरी आहे. लग्नाच्या पंगतीचा फोटो पंधरा सेकंद राहू शकतो, सिंहगडावरचे तीन फोटो मिळून सहा सेकंदांत जाऊ शकतात. उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, तिथे त्याच फोटोची मोठी, धूसर प्रत मागे ठेवा. फोटो ताणून पडदाभर करू नका, माणसं जाडी दिसतात.

पडद्यावर मराठी अक्षरं टाकायची असतील तर आधी “स्त्री”, “वऱ्हाडी”, “विश्रांती” हे शब्द लिहून बघा. काही प्रोग्रॅममध्ये पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा युनिकोड फॉन्ट घेऊनही तसंच होत असेल, तर अक्षरं दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहा आणि त्यांचं चित्र करून व्हिडिओत घाला.

संगीत

शब्द असलेलं गाणं निवेदनाखाली लावू नका. दोन माणसं एकाच वेळी बोलत असल्यासारखं होतं. बोलण्याखाली बासरी, सतार किंवा पेटी, आणि गाणं फक्त बोलणं नसलेल्या जागी, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी. घरात कुणी पेटी वाजवत असेल तर तिच्याकडून चार मिनिटं वाजवून घ्या. आमच्याकडे मावसबहिणीने वाजवलेला भूप सगळ्या व्हिडिओला पुरला.

बोलणं चालू असताना संगीत निवेदनापेक्षा 18 ते 20 डेसिबलने खाली ठेवा. निवेदन सुरू होण्याच्या एक सेकंद आधी ते उतरायला लागावं आणि बोलणं संपल्यावर दोन सेकंदांत परत वर यावं. ऑडॅसिटीमध्ये हे काम `Auto Duck` आपोआप करतं. संगीताचा ट्रॅक वर आणि निवेदनाचा त्याच्या लगेच खाली ठेवून संगीत निवडायचं. इअरफोनवर सगळं स्वच्छ ऐकू येतं, म्हणून त्यावर विसंबू नका. मोबाइलच्या स्पीकरवर लावून घरातल्या सत्तरीतल्या माणसाला ऐकवा. त्यांनी “काय म्हणाला?” असं विचारलं तर संगीत आणखी खाली घ्या.

सिनेमातलं गाणं घेतलेला व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर तिथली यंत्रणा गाणं ओळखते आणि व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. नातेवाइकांना फाइलच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर चित्र खराब होत नाही.

कार्यालयात

फाइल एमपी4 प्रकारची, एच.264, 1920 बाय 1080 अशी काढा. सेकंदाला 10 मेगाबिट धरले तर सात मिनिटांची फाइल साधारण सव्वापाचशे एमबीची होते आणि बहुतेक टीव्हींना पेनड्राइव्हवरून वाजवता येते. कार्यक्रम सकाळी अकराचा असेल तर प्रोजेक्टरवर फोटोंतले गडद भाग दिसेनासे होतात. पडदे ओढता येतील का हे कार्यालयात आधी विचारा आणि काळपट फोटो थोडे उजळ करून ठेवा. लॅपटॉपवरून दाखवणार असाल तर आवाज कुठून जाणार हे साउंडवाल्याशी आदल्या दिवशी ठरवा. एचडीएमआयची वायर लावली की पुष्कळदा आवाज प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरमधून येतो आणि हॉलच्या स्पीकरला काहीच पोचत नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आवाज हेडफोनच्या जॅककडे वळवावा लागतो आणि तिथून मिक्सरला वायर जोडावी लागते.

व्हिडिओ दाखवून झाल्यावर न कापलेली रेकॉर्डिंग पुसू नका. मामाच्या दीड तासाच्या बोलण्यातली जेमतेम तीन मिनिटं व्हिडिओत आली. बाकीचं बोलणं आणि मूळ स्कॅन एका हार्ड डिस्कवर, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव घातलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या कुणाच्यातरी घरी असू द्या.