वेअरहाऊस एक्झिक्युटिव्हची मुलाखत: जाण्याआधीची तयारी

भिवंडीच्या मानकोली-वडपे पट्ट्यातल्या गोडाऊनमध्ये किंवा चाकणच्या कारखान्यांच्या स्टोअरमध्ये फ्रेशरची मुलाखत साधारण वीस-पंचवीस मिनिटं चालते. त्यात ‘लॉजिस्टिक्स म्हणजे काय’ या प्रश्नाला फार तर दोन मिनिटं जातात. बाकीचा वेळ ‘असं झालं तर काय कराल’ यातच जातो. म्हणून व्याख्यांची वही बाजूला ठेवा आणि माल आत येताना, रॅकवर असताना आणि बाहेर जाताना काय बिघडतं, या तीन प्रसंगांची तयारी करा.

सगळ्यात जास्त वेळ इन्वर्डला, म्हणजे माल आत येण्याला द्या, कारण तिथला प्रश्न जवळपास ठरलेलाच असतो: ‘गाडी आली, इन्व्हॉइसवर १२० बॉक्स आहेत, मोजल्यावर ११८ भरले आणि त्यातले ३ चेपलेले आहेत. काय कराल?’ बहुतेक उमेदवार ‘सिनियरला सांगेन’ म्हणतात आणि थांबतात. सिनियरला सांगायचंच आहे, पण त्याआधी काय केलं हे मुलाखत घेणाऱ्याला ऐकायचं असतं. उत्तर साधारण असं द्या: “दार उघडण्याआधी सीलचा नंबर कागदावरच्या नंबरशी जुळवेन आणि सीलचा फोटो काढेन. माल उतरताना प्रत्येक पॅलेटवर १२ बॉक्स लावून घेईन, म्हणजे मोजणी सोपी जाते. नऊ पॅलेट पूर्ण आणि दहाव्यावर १० बॉक्स, म्हणजे ११८. ड्रायव्हरसमोर पुन्हा मोजेन. ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या, म्हणजे एलआरच्या कॉपीवर ‘११८ मिळाले, २ शॉर्ट, ३ डॅमेज’ असा शेरा लिहून ड्रायव्हरची सही घेईन. चेपलेल्या बॉक्सचे फोटो काढून ते होल्ड एरियात ठेवेन. माल मिळाल्याच्या नोंदीत, म्हणजे जीआरएनमध्ये ११५ चांगले, ३ डॅमेज आणि २ शॉर्ट असं वेगळं दाखवेन, आणि सुपरवायझरला कळवून त्याच दिवशी पाठवणाऱ्याला फोटोसकट मेल जाईल हे बघेन.”

या उत्तरात जीव आहे तो ड्रायव्हरच्या सहीच्या शेऱ्यात. गाडी एकदा गेटबाहेर गेली की शॉर्टेज रस्त्यात झालं की आपल्या गोडाऊनमध्ये, हे सिद्ध करता येत नाही आणि क्लेम अडकतो. म्हणून पुढचा प्रश्न येतो, ‘ड्रायव्हर सही द्यायला तयार नसेल तर?’ “गाडी सोडण्याआधी सुपरवायझरला बोलावेन, तिथूनच ट्रान्सपोर्टरला फोन लावेन आणि सही नाकारल्याची नोंद गाडी नंबर व वेळेसह करेन” एवढं पुरे. ‘जीआरएन १२० चाच करू, उरलेले नंतर येतील’ असं मात्र चुकूनही म्हणू नका. तसं केलं तर न आलेले दोन बॉक्स सिस्टीममध्ये स्टॉक म्हणून दिसतात, त्यांच्यावर ऑर्डर लागते आणि माल काढणारा पिकर रॅकमधल्या रिकाम्या खणासमोर, म्हणजे बिनसमोर उभा राहतो.

इथेच कधी विचारतात, ‘माल उचलावा लागला तर?’ महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी माल उतरवायचं काम माथाडी टोळी करते आणि टोळीशी बोलणं मुकादमामार्फत होतं. “उतरवणं टोळीचं, मोजणं आणि कागद माझं, पण मोजणीसाठी बॉक्स हलवावा लागला तर हलवेन” हे सरळ उत्तर आहे. ‘सर, काहीही करेन’ म्हणण्यापेक्षा याने तुम्हाला जागेची माहिती आहे हे कळतं.

दुसरा प्रसंग रॅकवरचा. ‘सिस्टीममध्ये ४८ नग, बिनमध्ये ४४. काय कराल?’ इथे घाई करणारा उमेदवार लगेच सिस्टीममध्ये ४४ करून मोकळा होतो, आणि तिथेच बाद होतो. उत्तराला क्रम हवा. आधी त्या बिनचं पिकिंग थांबवायला सांगा. मग आजूबाजूच्या आणि वरच्या-खालच्या बिन बघा, कारण पुटअवे करताना, म्हणजे माल रॅकवर लावताना तो शेजारी ठेवला जाणं ही नेहमीची चूक आहे. नंतर पिक होऊन डिस्पॅच एरियात पडलेली, पण सिस्टीममध्ये अजून न कापलेली ऑर्डर शोधा; चार नग अनेकदा तिथेच सापडतात. तसाच दिसणारा दुसऱ्या साइझचा माल तर गेला नाही ना, आणि कोणी बॉक्सऐवजी पीस मोजले नाहीत ना, हेही तपासा. तरीही फरक राहिला तर दुसऱ्या माणसाला सिस्टीमचा आकडा न सांगता पुन्हा मोजायला लावा. आकडा माहीत असला की मोजणारा नकळत त्याच्याकडे झुकतो. ॲडजस्टमेंट शेवटी, तीही सुपरवायझरच्या मंजुरीने आणि कारण लिहून.

फिफो-फेफोवर एक उदाहरण तयार ठेवा, व्याख्या नको. बिस्किटांची एक बॅच ५ जूनला आली, एक्सपायरी नोव्हेंबर; दुसरी १२ जूनला आली, एक्सपायरी सप्टेंबर. फिफोने, म्हणजे आधी आलेलं आधी, पहिली बॅच जाईल; फेफोने, म्हणजे आधी एक्सपायर होणारं आधी, दुसरी. खाण्याचा माल आणि औषधं असतील तर दुसरी आधी काढायची.

आउटवर्डसाठी, म्हणजे माल बाहेर पाठवण्यासाठी, ई-वे बिल या वाहतुकीच्या ऑनलाइन जीएसटी कागदाबद्दल नीट वाचून जा. मालाची किंमत एका मर्यादेपेक्षा जास्त असली की ते लागतं; सर्वसाधारण मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जाणार असेल तर ती १ लाखाची. साध्या मालाच्या बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. विचारला जाणारा प्रसंग असा: भिवंडीहून नागपूरला निघालेली गाडी इगतपुरीजवळ बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला. उत्तर: “नवीन गाडीचा नंबर बिलाच्या पार्ट-बी मध्ये अपडेट करून घेईन, मगच गाडी पुढे काढायला सांगेन. मुदत संपत आली असेल तर ती संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवता येते, तेही बघेन.” पकडलेल्या गाडीचा नंबर बिलावर नसेल तर माल अडकतो आणि दंड लागतो, हे शेवटी जोडा.

एक्सेलची चाचणी पाच-दहा मिनिटांची असते. दोन याद्या देतात, सिस्टीम स्टॉक आणि मोजलेला स्टॉक, आणि फरक काढायला सांगतात. मोजलेला आकडा समोर आणायचं हे सूत्र घरी पन्नास ओळींवर करून बघा, मग वजाबाकी करा:

```
=VLOOKUP(TRIM(A2),Count!A:B,2,FALSE)
```

शेवटचं `FALSE` विसरलं तर चुकीचा आकडा येऊ शकतो आणि तो चुकीचा आहे हे दिसतही नाही. `#N/A` आलं तर कोडमागे स्पेस आहे का, की एका यादीत कोड नंबर म्हणून आणि दुसरीत टेक्स्ट म्हणून आहे, हे आधी बघा. `TRIM` फक्त तुमच्या यादीतली स्पेस काढतं, समोरच्या यादीतली नाही. ते नंबरचंही टेक्स्ट करतं, म्हणून दोन्ही याद्यांत कोड नंबर असतील तर `TRIM` काढून नुसतं `A2` ठेवा.

आदल्या दिवशी जागा नकाशावर बघून घ्या. ‘नाइट शिफ्टला कसे याल?’ हा प्रश्न येतोच, आणि “रात्री बस नाही, पण बाइक आहे, घरापासून चाळीस मिनिटं” असं ठोस उत्तर लागतं. पगाराचं बोलणं निघालं की हातात किती आणि ओव्हरटाइम वेगळा मिळतो का, हे तुम्हीच विचारा. कंपनीच्या पेरोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, हेही. पायात बंद बूट घाला. मुलाखतीनंतर फ्लोअरवर फिरवून आणतात, आणि चपलेवर आत सोडत नाहीत. फिरताना पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाला आणि फोर्कलिफ्ट जवळ आली की थांबा. तेवढ्या वेळात सोबतचा माणूस तुमच्याकडे बघत असतो.