फोन खाली, घड्याळ वर: ॲपल वॉच वाय-फायवर जात नसेल तर या चुका टाळा

सावंतवाडीच्या मामींचं घर दुमजली. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला असतो आणि मामी वर गच्चीत कपडे वाळत घालत असतात. "अरे, मी वर गेले की हे घड्याळ मुकंच होतं बघ," असं त्या महिनाभर सांगत होत्या. घड्याळ पहिल्या पिढीचं ॲपल वॉच एसई. घरात वाय-फाय आहे, फोन त्यावर छान चालतो, मग घड्याळच का अडतं?

आधी घड्याळाची सवय समजून घ्या. फोन जवळ असेल तर ते ब्लूटूथच वापरतं, कारण त्यात बॅटरी कमी जाते. ब्लूटूथ तुटलं तरच ते वाय-फाय शोधतं. ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण दहा मीटर. मध्ये स्लॅब किंवा चिऱ्याची जाड भिंत आली की त्याआधीच तुटतं. म्हणून "वाय-फाय नीट चालावं म्हणून ब्लूटूथ बंदच ठेवलं" असं करू नका. फोन शेजारी असतानाही घड्याळ मग वाय-फायवरच राहतं आणि चार्जिंग लवकर उतरतं. दोन्ही चालू ठेवा, कधी काय वापरायचं ते घड्याळ ठरवतं.

मामींच्या घरची खरी गोम राउटरमध्ये होती. हल्लीचे बरेच राउटर दोन नावं दाखवतात, एक साधं आणि दुसरं शेवटी `_5G` लावलेलं. या 5Gचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, तो वाय-फायच्या लहरींचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, साधं नाव 2.4 गिगाहर्ट्झचं. "फाइव्ह-जी म्हणजे जास्त वेगवान" म्हणून घरच्यांनी फोन कायम त्याच नावाला जोडला होता. फोनने एकदा जोडलेलं नेटवर्क, त्या वेळी घड्याळ ब्लूटूथने जोडलेलं असेल, तर घड्याळालाही आपोआप कळतं. पण पहिल्या पिढीचं एसई आणि सिरीज 5 पर्यंतची घड्याळं फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. म्हणजे घड्याळाला पासवर्ड मिळाला होता तो अशा नेटवर्कचा, जे त्याला दिसतच नाही. सिरीज 6 पासून 5 गिगाहर्ट्झही चालतो.

हे ओळखायला घड्याळात `Settings` मध्ये जाऊन `Wi-Fi` उघडा. यादीत शेजाऱ्यांची नावं दिसताहेत, तुमचं साधं नाव दिसतंय, पण `_5G` वालं कुठेच नाही, असं असेल तर दुखणं हेच.

उपाय दोन. पहिला सोपा: घड्याळ जवळ ठेवून फोन एकदा साध्या नावाच्या नेटवर्कला जोडा, पासवर्ड टाका, मिनिटभर थांबा. नंतर फोन पुन्हा `_5G`वर नेला तरी चालेल. दुसरा उपाय थेट घड्याळावरून: त्याच यादीत घरच्या नेटवर्कच्या नावावर टॅप करा, पासवर्ड भरा आणि `Join` दाबा. लहान स्क्रीनवर एकेक अक्षर बोटाने काढायचं असल्याने इथे फार चुका होतात. मामींच्या पासवर्डमध्ये पहिलं अक्षर मोठं होतं, आम्ही छोटं काढलं आणि दोनदा नकार आला. फोन जवळ असेल तर त्याच्या कीबोर्डवरून लिहिणं बरं.

राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर ही भानगड बहुधा उद्भवत नाही, ज्याला जो पट्टा जमतो तो तो धरतो.

आता तपासणी. इथे बरेच जण फसतात, मीही फसलो. फोनच्या `Control Center` मधून ब्लूटूथ बंद केलं तरी घड्याळाशी जोडणी तुटत नाही. फोनच्या `Settings` मध्ये जाऊन बंद करा, किंवा सरळ फोन खाली ठेवून वर जा. मग घड्याळाचं `Control Center` उघडा. हिरवं फोनचं चिन्ह म्हणजे फोनशी जोडणी आहे, निळं वाय-फायचं चिन्ह म्हणजे घड्याळ वाय-फायवर आलं, आणि लाल खूण म्हणजे फोनशी संपर्क नाही. निळं दिसल्यावर हवामान उघडून पाहा, आकडे ताजे झाले की काम झालं. तपासून झाल्यावर ब्लूटूथ पुन्हा चालू करायला विसरू नका.

एक मर्यादा मात्र आहे. व्हॉट्सॲपसारख्या ॲपच्या सूचना वाय-फायवरूनही याव्यात तर फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला हवा. तो शेजारी नसला तरी चालतं, बंद पडलेला चालत नाही. आणि हॉटेल किंवा होस्टेलमध्ये वाय-फायला जोडल्यावर लॉगिनचं पान उघडत असेल, तर तिथे घड्याळ जोडायचा खटाटोप करू नका. ते पान घड्याळाला भरता येत नाही, तिथे फोन खिशातच बाळगा.

मामींचा फोन अजून स्वयंपाकघरातच चार्जिंगला असतो. परवा गच्चीतून त्यांनी मला घड्याळावर आलेला माझाच मेसेज वाचून दाखवला.