मलम लावूनही चिखल्या परत येतात? बूट-मोज्यांच्या या चुका टाळा

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात पांढरी पडलेली, भिजल्यासारखी कातडी, खाज आणि मोजा काढताच येणारा कुबट वास. पायांना फार घाम येणाऱ्यांना चिखल्यांची ही खूण चांगलीच ओळखीची असते. मलमाने त्या बऱ्या होतात आणि महिन्याभरात परत येतात. अशा वेळी मलम बदलण्याआधी बूट तपासा. सुटलेल्या कातडीच्या कणांबरोबर बुरशी बुटात उरते आणि पाय ओल्या बुटात गेला की तिला पुन्हा जागा मिळते.

रोज तोच बूट

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सकाळी 8 ला घातलेला बूट रात्री 8 ला काढला, तर त्याला वाळायला 12 तास मिळतात. जुलैत मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत तेवढ्यात तो वाळत नाही. वरून हात लावून हे कळत नाही, कारण ओल आतल्या सोलमध्ये असते.

हे पाहायचं असेल तर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. सोल पूर्ण कोरडा असताना त्याचं वजन करून ठेवा. समजा ते 30 ग्रॅम आहे. संध्याकाळी बूट काढल्यावर 38 भरलं आणि दुसऱ्या सकाळी 34, तर 4 ग्रॅम पाणी अजून आत आहे आणि तो बूट आज घालायचा नाही. दोन जोड आलटून पालटून वापरले की प्रत्येकाला 36 तास मिळतात. तरीही वजन उतरत नसेल, तर पावसाळ्यापुरता तिसरा जोड ठेवा.

घरी आल्यावर सोल उपसून बाहेर काढा, लेस सैल करून जीभ पूर्ण उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते दोन तासांनी बदला. नंतर बोळे काढून बूट पंख्याखाली ठेवा. ओला बूट बंद कपाटात कधीही ठेवू नका.

सोल निघतो का, ते न बघता घेतलेला बूट

दुकानात टाचेकडून सोल उचलून बघा. चिकटवलेला असेल तर तो जोड सोडून द्या. निघत असेल तर जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. बोटं कडेबाहेर जात असतील तर बुटात ती एकमेकांवर दाबली जाणार, आणि बेचकं कोरडं राहणार नाही.

गुळगुळीत फोमचा सोल घाम शोषत नाही, त्यामुळे पाय घामातच सरकत राहतो. वरचा थर चामड्याचा किंवा टॉवेलसारख्या सुती कापडाचा हवा. सोलचे दोन सेट ठेवा. जाड जेलचा सोल वरून घातला तर बूट घट्ट होतो आणि बोटं पुन्हा दाबली जातात.

‘लेदर’ असं लिहिलंय म्हणून घेतला

वरून चामडं आणि आतून रेक्झिनचं अस्तर, असे बूट खूप मिळतात. दुकानदाराला विचारून अस्तरावर पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभरातही तो मण्यासारखा तसाच राहिला, तर घामही तसाच राहणार. बंद बूट घालणं सक्तीचं नसेल तिथे जाळीचा बूट किंवा उघडी चप्पल केव्हाही बरी. वॉटरप्रूफ बुटात पाऊस वरून घोट्याकडून शिरतो आणि मग बाहेर पडत नाही. पावसात रस्त्यावर सँडल घाला आणि ऑफिसात पाय पुसून कोरडा बूट चढवा.

‘फक्त सुती मोजे’

हा सल्ला कमी घामाला ठीक आहे. सुती कापड घाम शोषतं खरं, पण धरूनही ठेवतं, आणि दुपारपासून पाय ओल्या फडक्यात गुंडाळलेला राहतो. जास्त घामाला ओल वर खेचणारे पॉलिस्टर-नायलॉन मिश्रणाचे खेळाचे मोजे किंवा बारीक लोकरीचं मिश्रण चांगलं. पाच बोटांचे वेगळे कप्पे असलेले मोजे बेचक्यासाठी खास उपयोगी. काहीही घातलं तरी दुपारी जोडी बदला, आणि बदलताना बेचकी पुसून घ्या. पावडर चिमूटभरच टाका, जास्त झाली तर ओलीने तिचा लगदा होतो.

मोजे उलटे करून 60 अंशांच्या पाण्यात धुवा, कारण कोमट पाण्यात बुरशी तग धरते. कपडे घालताना आधी मोजे, मग अंतर्वस्त्रं. नाहीतर पायावरून ओढताना बुरशी जांघेत पोचते.

उपचार पूर्ण झाले की जुने सोल फेकून द्या. खाजेसाठी दुकानातून आणलेल्या मलमात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर ते लावू नका: ही स्टेरॉइडं आहेत, लाली उतरते आणि बुरशी पसरते. मधुमेह असेल, कातडी चिरली असेल किंवा नखं पिवळी, जाड झाली असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.